खुणेचे परिच्छेद

दोघांनी मिळून लिहिलेला लेख संपादकाच्या हाती येतो, तेव्हा तो बहुधा दोन आवाजांत बोलत असतो. असाच एक लेख मला दुरुस्त करायचा होता. विषय होता फड पद्धतीचा. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने शेतीला पाणी देण्याची ही पद्धत शेकडो वर्षे चालत आली. लेखकांपैकी एक होते पांझराकाठच्या गावातले निवृत्त शिक्षक, दुसरे पाटबंधाऱ्यांच्या कामात हयात घालवलेले अभियंते. शिक्षकांनी आठवणी लिहिल्या होत्या आणि अभियंत्यांनी माहिती. एकूण मजकूर चांगला होता, पण वाचताना मधूनमधून शासकीय परिपत्रक लागायचे. मी समासात खुणा केल्या. पंचवीस-तीस परिच्छेदांपैकी सहा-सात परिच्छेद पुन्हा लिहायला हवे होते, बाकीच्यांना हात लावायचे कारण नव्हते.

अशा वेळी खूण केलेला परिच्छेद वेगळ्या कागदावर घेऊन नीट लिहून काढावा आणि परत जागेवर ठेवावा असे वाटते. तसे केले की तो परिच्छेद एकटा वाचायला सुरेख होतो आणि लेखात मात्र परका दिसतो. कारण परिच्छेदातले निम्मे काम त्याच्या शेजाऱ्यांसाठी असते. त्यामुळे मी खुणेच्या परिच्छेदाआधी त्याचे शेजारी वाचतो, तेही हातात पेन्सिल घेऊन.

एक जागा उलगडून दाखवतो. उतारा जसाच्या तसा नाही, घडण तीच ठेवून इथे बेतला आहे. आधीचा परिच्छेद शिक्षकांचा, तो तसाच राहणार होता:

‘गावाची जमीन चार फडांत वाटलेली होती. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात गहू, हे बैठकीत ठरायचे. एका फडात एकच पीक. माझ्या आजोबांचे शेत चारही फडांत थोडे थोडे होते, त्यामुळे घरात काही ना काही यायचेच.’

मग खूण केलेला, अभियंत्यांचा:

‘पाणीवाटपाच्या संदर्भात पाटकरी या कर्मचाऱ्याची नियुक्ती करण्यात येत असे. सदर कर्मचाऱ्याच्या माध्यमातून लाभधारकांना क्रमनिहाय पाणी उपलब्ध करून दिले जात असे. तसेच त्यास धान्यस्वरूपात मोबदला अदा करण्यात येत असे. तथापि, शेवटच्या लाभधारकास पाणी कमी मिळत असल्याच्या तक्रारी उद्भवत असत.’

आणि लगेच पुन्हा शिक्षक:

‘हे भांडण मात्र कधी चावडीपर्यंत गेल्याचे मला आठवत नाही. पाटकऱ्याने फावडे मातीत रोवले की बोलणे संपायचे. त्याच्या घरी खळ्यावरून धान्य जायचे, आणि ते कमी पडले असे कुणी म्हटले नाही.’

खालच्या परिच्छेदाला वरून काय लागते ते आधी पाहू. ‘हे भांडण’ असे म्हणायचे तर वर भांडण झालेले असले पाहिजे. अभियंत्यांच्या मजकुरात भांडण नाही, तक्रारी आहेत, त्याही अनेक. वाचक इथेच ठेचकाळतो, आणि दोष शिक्षकांच्या वाक्याचा वाटतो, जरी त्यात काही चूक नाही. दुसरे म्हणजे पाटकरी कोण हे वाचकाला तोवर कळलेले हवे. तिसरे, खळ्यावरून जाणारे धान्य ही त्याची मजुरी होती, दान नव्हे, हे ठाऊक नसेल तर शेवटचे वाक्य निसटते. म्हणजे भांडण, पाटकऱ्याची ओळख आणि मजुरी एवढे नव्या परिच्छेदाने दिलेच पाहिजे. ही यादी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवली, तर पुढे भाषेच्या नादात त्यातले काही गळत नाही.

वरच्या परिच्छेदाकडून घ्यायचे ते वेगळे. तिथे ‘बैठक’ येऊन गेली आहे. पीक बैठकीत ठरते, मग पाणी कोण ठरवतो, असा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. नव्या परिच्छेदाने तिथूनच सुरुवात केली तर ‘पाणीवाटपाच्या संदर्भात’ अशी पाटी लावावी लागत नाही.

आता आवाज. मराठीत भूतकाळातली सवय सांगायच्या तीन तऱ्हा आहेत: ‘तो उघडायचा’, ‘तो उघडत असे’ आणि ‘तो उघडी’. तिन्ही शुद्ध आहेत. शिक्षक सगळीकडे पहिली वापरतात, अभियंते दुसरी, आणि हौशी संपादकाच्या लेखणीतून तिसरी हळूच उतरते, कारण ती ऐकायला साहित्यिक वाटते. वाचकाला हे व्याकरण सांगता येणार नाही, पण बोलणारा बदलला हे त्याला बरोबर कळते. जोड उघडा पाडणाऱ्या गोष्टींत मी याला पहिला नंबर देईन, अवघड शब्दांनाही नाही. अवघड शब्द दिसतात म्हणून ते काढले जातात, क्रियापदाची शेपटी तशीच राहून जाते. ‘केले’ आणि ‘केलं’ यांचेही तसेच. लेखभर ‘केले’ असताना नव्या चार ओळींत ‘केलं’ आले की शिवण उसवल्यासारखी दिसते.

पहिल्या झटक्यात सुचणारी दुरुस्ती साधारण अशी असते:

‘पाटकरी हा या साऱ्या व्यवस्थेचा प्राण होता. पहाटेच्या धूसर उजेडात खांद्यावर फावडे टाकून तो निघाला की जणू पाणीच त्याच्या मागे चालत येई.’

परिपत्रक गेले, पण त्याच्या जागी निबंधस्पर्धा आली. शिक्षकांच्या अख्ख्या लेखनात ‘जणू’ एकदाही नाही. ते उपमा देत नाहीत, वस्तू सांगतात: शेत, फावडे, खळे. शिवाय ‘पहाटे’ हे कुणी लिहिले होते? दोघांपैकी एकानेही नाही. पाळी रात्रीचीही असू शकते. खराब परिच्छेदाच्या जागी इतरांहून सजलेला परिच्छेद बसवला, तरी तो तितकाच उठून दिसतो. खूण नसलेले परिच्छेद ज्या उंचीवर बोलतात, त्याच उंचीवर नव्याने बोलायचे, भले आपल्याला त्याहून छान लिहिता येत असो. संपादकाच्या अहंकाराला ही अट जरा जड जाते.

शेवटी छापायला गेला तो परिच्छेद असा होता:

‘पाणी आधी कुणाच्या शेतात जाणार, हे बैठकीत ठरायचे नाही. ते पाटकऱ्याचे काम. पाटाच्या कडेने हिंडून तो पाळीप्रमाणे एकेका शेताचे तोंड उघडायचा, भरणे झाले की बुजवायचा. त्याची मजुरी धान्यात असायची. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचता पोचता कमी पडायचे, मग तिथला शेतकरी वरच्या शेतकऱ्याशी भांडायला यायचा.’

‘ते पाटकऱ्याचे काम’ हे क्रियापद नसलेले तोकडे वाक्य मुद्दाम ठेवले, कारण वरच्या परिच्छेदात ‘एका फडात एकच पीक’ ही तशीच लकब आहे. पहिल्या वाक्यात ‘मात्र’ घालायचा मोह होतो, पण खालचा परिच्छेद ‘हे भांडण मात्र’ असा सुरू होतो, आणि लागोपाठच्या दोन परिच्छेदांच्या तोंडाशी तोच शब्द आला की कान अडतो. मजुरीचे वाक्य मधेच आणून शेवट भांडणावर केला, म्हणजे ‘हे भांडण’ला बोट ठेवायला लगेच वर जागा सापडते. अभियंत्यांच्या क्रमात मजुरी आधी आणि तक्रार नंतर अशीच होती, तेवढे त्यांचे बरोबर होते.

शेताचे तोंड उघडणे-बुजवणे आणि तक्रारीचे भांडण होणे, हे दोन्ही बदल भाषेपुरते नाहीत, त्यांनी आशय थोडा हलतो. म्हणून ते दोघांना विचारून घेतले. ‘लाभधारक’चा ‘शेतकरी’ करायला कुणाला विचारावे लागत नाही.

या कामातली खरी जोखीम इथेच आहे, आणि ती गुळगुळीत सांध्यात लपते. वाक्य वाक्याला चिकटवायला ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ यांच्याइतका चांगला डिंक नाही. या उताऱ्यात शेवटी असे जोडता आले असते: ‘प्रत्येकाचे शेत सगळ्या फडांत होते, त्यामुळे भांडण फार ताणले जायचे नाही.’ वाचायला झकास, आणि तर्काला पटणारेही. एका फडात जो टोकाला तो दुसऱ्या फडात तोंडाशी असू शकतो, मग भांडेल कशाला? पण हे दोघांपैकी कुणीही म्हटलेले नव्हते. शिक्षकांनी जमिनीची वाटणी सांगितली आणि भांडण चावडीवर न गेल्याचे सांगितले, नाते जोडले नाही. एका ‘त्यामुळे’ने संपादकाचा अंदाज त्यांच्या आठवणीत मिसळून गेला असता, आणि सांधा इतका बेमालूम की कुणी शंकाही घेतली नसती. उघडा जोड वाचकाला खुपतो, खोटा जोड त्याला फसवतो. दोन्हींत निवडायची वेळ आली तर मी खुपणारा ठेवीन.

आकड्यांचे सांधे सोपे, पण विसरले जातात. शिक्षक एकरात बोलतात, अभियंते हेक्टरमध्ये. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. परिच्छेद बदलताना एकच एकक धरायचे, आणि खूण नसलेल्या भागात दुसरे एकक असेल तर तिथेही बदलायचे. तेवढी परवानगी लेखकांकडून आधीच घेऊन ठेवावी. तसेच एखाद्या गोष्टीची पहिली ओळख खुणेच्या परिच्छेदात होत असेल आणि आपण तो वाक्यसमूह काढला, तर पुढे दहा परिच्छेदांनंतर ती गोष्ट अनोळखी होऊन उभी राहते. त्यासाठी सगळा लेख शेवटी एकदा फक्त नावे आणि संज्ञा बघत वाचावा लागतो. कंटाळवाणे काम आहे, पण इलाज नाही.

जमले की नाही हे आपले आपल्याला कळत नाही, कारण आपल्याला जागा माहीत असतात. मोठ्याने वाचल्याने थोडे कळते, पण परिच्छेदाच्या आरंभापासून वाचून उपयोग नाही. वरच्या परिच्छेदाची शेवटची दोन वाक्ये धरून सुरुवात करायची आणि खालच्याच्या दुसऱ्या वाक्यापर्यंत श्वास न मोडता जायचे. खरी परीक्षा तिसऱ्या माणसाकडे. त्याला खुणा नसलेली प्रत द्यायची आणि एवढेच सांगायचे, की जिथे लिहिणारा बदलल्यासारखा वाटेल तिथे रेघ मार. चांगले-वाईट विचारायचे नाही, नाहीतर तो शब्द सुधारत बसतो. रेघ सांध्यावर पडली तर बहुतेकदा तो क्रियापदांनी किंवा वाक्यांच्या लांबीने पकडलेला असतो. रेघ परिच्छेदाच्या पोटात पडली, तर आपण जुनी दोन वाक्ये नव्यांत तशीच सोडलेली असतात. आणि कधी रेघ खूण न केलेल्या परिच्छेदावर पडते. तेव्हा खुणाच चुकलेल्या असतात.

सलग तीन-चार परिच्छेदांना खुणा असतील तर ही रीत चालत नाही. मधल्या परिच्छेदांना धरायला मूळ शेजारीच उरत नाही, आणि आपण आपल्याच मजकुराला आपला मजकूर जोडत जातो. त्या भागासाठी लेखकाकडे परत जावे हे बरे. लेखाचा निम्म्याहून जास्त भाग खुणांनी भरला असेल तर दुरुस्ती हा शब्दच सोडावा, आणि टिपणांवरून लेख नव्याने लिहावा.

फडांच्या त्या लेखातले दोन खुणेचे परिच्छेद मी शेवटी लिहिलेच नाहीत. त्यांत बंधाऱ्याच्या बांधणीची मोजमापे होती, अभियंत्यांनी जागेवर जाऊन घेतलेली. ती शिक्षकांच्या आवाजात सांगितली असती, तर कुणी मोजले हेच पुसले गेले असते. ते परिच्छेद थोडे सुटसुटीत करून लेखाशेजारी वेगळ्या चौकटीत गेले, अभियंत्यांच्या नावाने आणि हेक्टरसकट.