दुकानाचं फुकट कॅलेंडर: 2026 चा मजकूर लिहिताना

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. विषय तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच टांगलाय. दिवाळीच्या सुमारास दुकानदार फुकट देतो ते कॅलेंडर.

समजा, लोणखेड्यात तुमच्या काकांचं कापडाचं दुकान आहे. त्यांना 2026 चं कॅलेंडर छापायचंय आणि मजकुराचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. पहिला मोह काय होतो? गेल्या वर्षीची फाईल उघडायची, साल बदलायचं, ऑफर तशाच ठेवायच्या. 2026 मध्ये हे अजिबात चालणार नाही, कारण या वर्षी अधिक महिना आहे.

बारा चांद्र महिन्यांचं वर्ष 354 दिवसांचं, आपलं इंग्रजी वर्ष 365 चं. त्यामुळे सण दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतात. 2025 चा पाडवा 30 मार्चला होता, 2026 चा 19 मार्चला. हा फरक साठत जातो आणि मग एक जास्तीचा महिना घालून तो भरून काढतात. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ. त्याच्या नंतरचे सगळे सण एकदम उलट्या दिशेने, पुढे उडी मारतात. गणपती 27 ऑगस्टवरून 14 सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरला. आता जुन्या फाईलमधली "दिवाळी धमाका, 12 ते 21 ऑक्टोबर" ही ओळ तशीच छापली, तर ऑफर संपेल आणि दिवाळीला अजून अडीच आठवडे असतील!

पण तारखा दुरुस्त करून काम संपत नाही. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. म्हणजे मेच्या पानावर दरवर्षीसारखी "लग्नाच्या बस्त्यावर खास सूट" महिनाभर ठेवण्यात अर्थ नाही. बस्ता लग्नाच्या आधी बांधतात, त्यामुळे ही ऑफर मार्च-एप्रिलच्या पानावर हलवायची. मग मे-जून रिकामा का? मुळीच नाही. हाच तर धोंड्याचा महिना! लेक-जावयाला घरी बोलवायचं, अनारसे करायचे, जावयाला कपडे करायचे. कापडाच्या दुकानाला असा महिना तीन वर्षांतून एकदा मिळतो, आणि तयार कॅलेंडरच्या खालच्या पट्टीवर तो कुणी तुमच्यासाठी छापून ठेवत नाही. मे आणि जून, दोन्ही पानांच्या तळाशी असं लिहा:

"17 मे ते 15 जून, धोंड्याचा महिना. जावयाच्या पोशाखावर आणि लेकीच्या साडीवर 10 टक्के सूट. या पानाचा फोटो मोबाईलवर दाखवा."

फोटो का? कूपन कापायला लावलं तर पान दोन्ही बाजूंनी छापलेलं असल्यास मागच्या महिन्याच्या तारखाही जातात. कोण कापेल? आणि किंमत न छापता टक्के छापायचे. मजकूर नोव्हेंबरात लिहिलेला, कापड पुढच्या जूनमध्ये विकलं जाणार. मधे भाव बदलतो, करही बदलतो. 22 सप्टेंबर 2025 ला कपड्यांवरचा जीएसटी बदललाच की.

आता खान्देशाचं. मोठ्या शहरात तयार झालेल्या कॅलेंडरात कानबाई बऱ्याचदा नसते. आपल्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, भाऊबंद गावी जमतात, दुसऱ्या दिवशी विसर्जन. 2026 ची नागपंचमी 17 ऑगस्टला, सोमवारी, म्हणून कानबाई 23 ऑगस्टला. चौकटीत फक्त "कानबाई" लिहा. तिथे दोन शब्दांहून जास्त मावतच नाही. ऑफर मात्र खालच्या पट्टीत, आणि ती 22 तारखेला संपवा. सणाच्या दिवशी कापड घ्यायला कोण येतं? आखाजीला आणि सारंगखेड्याच्या यात्रेलाही हेच करायचं. चौकटीत सण, पट्टीत आधीचा आठवडा. ईद चंद्रदर्शनावर एखादा दिवस पुढे-मागे होते, म्हणून तिथे तर एका तारखेची ऑफर नकोच.

एक सापळा सीमेपलीकडचा आहे. खेतिया इथून जवळ, त्यामुळे कुणी म्हणेल, इंदूरहून तयार कॅलेंडर मागवू, स्वस्त पडतं. पण तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. 2026 चा त्यांचा श्रावण 30 जुलैला लागतो, आपला 13 ऑगस्टला. "श्रावण सेल" त्या कॅलेंडरवरून ठरवला तर आपल्या गिऱ्हाइकांचा अजून आषाढच चालू असेल. आणि 2025 ला दिवाळी 20 की 21 यावरून झालेला घोळ आठवतोय ना? आपल्या राज्यात लक्ष्मीपूजनाची सुट्टी 21 ला होती, तिकडे बऱ्याच ठिकाणी 20 लाच दिवे लागले.

म्हणून सगळ्या तिथ्या एकाच मराठी पंचांगातून घ्यायच्या. दोन ठिकाणांहून उचलून सरमिसळ केली की चूक कुठे शिरली तेही सापडत नाही. छापायला देण्याआधी प्रूफवर एवढंच करा: प्रत्येक ऑफरच्या शेवटच्या तारखेवर बोट ठेवा आणि बघा, त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत सण येतोय का. येत नसेल तर ती ओळ गेल्या वर्षीची तर नाही ना, ते तपासा.