विस्कटलेला तुकडा नेमका केवढा?

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बैठक क्रमांकाने लावून ठेवला होता आणि हाताळताना मध्येच कुठेतरी तो विस्कटला. सुरुवातीच्या आणि शेवटच्या उत्तरपत्रिका जागच्या जागी आहेत, गोंधळ फक्त मधे आहे. सगळा गठ्ठा पुन्हा लावायची गरज नाही. मग लहानात लहान असा कोणता सलग तुकडा बाहेर काढून लावला, की सगळा गठ्ठा क्रमात येईल? संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न हमखास येतो. तो दिसतो त्यापेक्षा फसवा आहे, आणि त्याचं उत्तर फार देखणं आहे.

समजा, क्रमांक असे आहेत: ११, १४, १८, २२, १९, ३१, १६, ३०, ३३.

पहिल्यांदा सुचतं ते असं. डावीकडून चालत जायचं आणि क्रम पहिल्यांदा जिथे मोडतो तिथे खूण करायची. इथे तो २२ नंतर १९ आल्यावर मोडतो. उजवीकडूनही तसंच करायचं. तिथे ३१ नंतर १६ आल्याचं सापडतं. म्हणजे २२ पासून १६ पर्यंतचे चार क्रमांक लावले की झालं? लावून पाहा: ११, १४, १८, १६, १९, २२, ३१, ३०, ३३. गठ्ठा अजून बिघडलेलाच आहे. तुकड्यातल्या १६ ला बाहेरच्या १८ च्याही आधी जायचं होतं आणि ३१ ला बाहेरच्या ३० च्या पुढे. क्रम मोडलेला दिसतो एका जागी, पण त्याची झळ लांबपर्यंत पोचते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांची तुलना करून ती झळ कळत नाही.

म्हणून शेजाऱ्याकडे न पाहता, आतापर्यंत दिसलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाकडे पाहायचं. डावीकडून निघा आणि तेवढा एकच आकडा लक्षात ठेवा. २२ पर्यंत सगळं सुरळीत आहे. १९ आला, तो २२ पेक्षा लहान, म्हणून पाचव्या जागी खूण. ३१ आला, आता तो सर्वांत मोठा. १६ त्याहून लहान, म्हणून खूण सातव्या जागी सरकली. ३० हाही ३१ पेक्षा लहानच, खूण आठव्या जागी. ३३ मोठा आहे, खूण हलत नाही. तुकड्याचं उजवं टोक आठव्या जागी ठरलं.

डाव्या टोकासाठी हेच उलट करायचं. उजवीकडून येताना सर्वांत लहान क्रमांक लक्षात ठेवायचा, आणि त्याहून मोठा कोणी भेटला की तिथे खूण करायची. १६ भेटल्यानंतर ३१, १९, २२ आणि १८ हे सगळे त्याहून मोठे निघतात. खूण सरकत सरकत तिसऱ्या जागी येते. १४ मात्र १६ पेक्षा लहान आहे, तिथे खूण थांबते. तिसरी ते आठवी जागा, एकूण सहा क्रमांक. ते लावले की १६, १८, १९, २२, ३०, ३१, आणि सगळा गठ्ठा नीट.

या दोन चाली वेगवेगळ्या करायचीही गरज नाही. एकाच फेरीत एक बोट डावीकडून आणि दुसरं उजवीकडून सरकवता येतं. लक्षात ठेवायचे ते दोन आकडे आणि दोन खुणा, बस्स.

हा तुकडा सर्वांत लहान कशावरून? ३० च्या आधी त्याहून मोठा ३१ बसला आहे. ३० ला वगळलं तर ३१ कधीच त्याच्या मागे जाऊ शकणार नाही. म्हणजे ३० घ्यावाच लागतो. आणि ३३ च्या आधी त्याहून मोठा कोणीच नाही, म्हणून त्याला हलवायचं कारण नाही. डाव्या टोकालाही हाच युक्तिवाद लागू पडतो.

दुसरा, सरळ मार्गही आहे. यादीची प्रत काढून ती पूर्ण लावायची आणि मूळ यादीशी ताडून पाहायची. उत्तर बरोबर येतं, पण १० लाख आकड्यांची यादी पार विस्कटलेली असेल तर नुसत्या लावण्यातच साधारण २ कोटी तुलना होतात. आपल्या फेरीत २० लाखांत काम भागतं, शिवाय प्रत ठेवायला जागाही लागत नाही.

चूक बहुधा सारख्या आकड्यांपाशी होते. खूण ‘लहान’ आकड्यालाच करायची, ‘लहान किंवा तेवढाच’ असेल त्याला नाही. १, २, २, ३ ही यादी क्रमातच आहे. पण तेवढ्या एका सवलतीमुळे दोन्ही २ बिघडलेले ठरतात आणि शून्याऐवजी दोन असं उत्तर येतं. प्रोग्राम तपासायला ही यादी आधी द्यावी.

तुकड्याच्या लांबीवरून गोंधळ किती आहे हे मात्र ठरवू नये. ९९, १, २, ३, ४ या यादीत चुकीच्या जागी एकटा ९९ आहे, तरी तुकडा म्हणजे अख्खी यादी. आणि आकडे एकेक करून येत असतील, मागे वळून पाहायची सोय नसेल, तर उजवं टोक चालता चालता कळत जातं. डावं टोक मात्र अखेरपर्यंत पक्कं होत नाही, कारण सर्वांत शेवटी एखादा १ आला तर तो खुणेला थेट सुरुवातीपर्यंत ओढत नेऊ शकतो.