साठ गुणांची रेघ (चाचण्यांचं गणित : भाग ५)

गेल्या भागात आपण संवेदनशीलता आणि विशिष्टता पाहिली. आजारी माणसांपैकी किती जण चाचणीत सापडतात, हा पहिला आकडा. निरोगी माणसांपैकी किती जणांना चाचणी बरोबर सोडून देते, हा दुसरा. रेघ कुठे ओढायची हे तिथे आधीच ठरलेलं होतं. आज ती रेघच सरकवून बघू.

उदाहरण मधुमेहाचं घेऊ. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली 'इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर' मांडला. यात रक्त काढायचं नाही. वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चार गोष्टींना मिळून शंभरपैकी गुण द्यायचे. साठ किंवा जास्त गुण मिळाले, तर रक्त तपासायला पाठवायचं.

पण साठच का? रेघ शून्यावर आणली तर सगळ्यांनाच पाठवावं लागेल. मग एकही रुग्ण सुटणार नाही आणि एकही निरोगी माणूस हेलपाट्यातून वाचणार नाही. रेघ शंभराच्याही वर नेली तर कोणीच पाठवलं जाणार नाही. या दोन टोकांच्या मध्ये रेघ जिथे ठेवाल तिथे दोन आकडे मिळतात: सापडलेल्या रुग्णांचं प्रमाण आणि उगाच पाठवलेल्या निरोगी माणसांचं प्रमाण. पहिलं उभ्या अक्षावर, दुसरं आडव्या अक्षावर मांडून प्रत्येक रेघेसाठी एक ठिपका काढायचा आणि ठिपके जोडायचे. हीच आरओसी वक्ररेषा. नाव रडारच्या दिवसांतलं आहे, ते सोडून देऊ.

मूळ अभ्यासात साठच्या रेघेला ७२.५ टक्के रुग्ण सापडले आणि ६०.१ टक्के निरोगी माणसं बरोबर सुटली. म्हणजे हा ठिपका ७२.५ उंचीवर आणि आडवा ३९.९ वर. वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ भरलं ०.६९८. त्याचा अर्थ असा: एक मधुमेही आणि एक निरोगी माणूस अशी कुठलीही जोडी उचलली, तर शंभरातल्या सुमारे सत्तर वेळा मधुमेह्याचे गुण जास्त असतील. नाणं उडवूनही पन्नास वेळा जमलं असतं. म्हणजे चाचणी कामाची आहे, पण फार धारदार नाही.

आता हा स्कोअर बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याला आणू. समजा, हजार प्रौढ आहेत आणि त्यांतल्या शंभर जणांना मधुमेह आहे, पण त्यांना तो माहीत नाही. साठच्या रेघेला त्यांतले सुमारे ७३ सापडतील, आणि नऊशे निरोगी माणसांपैकी सुमारे ३५९ जणही रांगेत येतील. म्हणजे तपासलेल्या दर शंभरात सतरा रुग्ण. मूळ अभ्यासातही हे प्रमाण सतराच होतं. गावात शंभराऐवजी पन्नासच मधुमेही असते, तर ते निम्म्यावर आलं असतं. वक्ररेषा मात्र जागची हलली नसती, कारण आजार किती पसरलाय हे तिला ठाऊकच नसतं. नुसतं क्षेत्रफळ सांगून चाचणी खपवणाऱ्याला म्हणूनच विचारावं, की रांगेतल्या शंभरात रुग्ण किती?

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ही वक्ररेषा चेन्नई शहरातल्या माणसांवरून काढलेली आहे. बाजारपेठेतला बावन्न वर्षांचा दुकानदार घ्या. वयाचे तीस गुण, ९२ सेंटिमीटर कमरेचे दहा, बैठ्या कामाचे आणि व्यायाम नसल्याचे तीस. झाले सत्तर. त्याच वयाचा काटक ऊसतोड कामगार घ्या. वयाचे तीस, कष्टाचं काम पण वेगळा व्यायाम नाही म्हणून वीस, कमरेचे शून्य. आईवडिलांची साखर कधी तपासलीच नाही, म्हणून उत्तर 'नाही', आणि तिथेही शून्य. एकूण पन्नास. त्याला मधुमेह असला तरी तो रेघेच्या खालीच राहील. कष्टकरी वस्तीत असे बरेच असतील, तर साठला ७२.५ ही उंची मिळणार नाही. 'नाही' आणि 'माहीत नाही' हे एकाच खान्यात टाकल्याने तर काही रुग्ण निरोग्यांच्या गुणांत मिसळतात. मग वक्ररेषाच खाली बसते, आणि रेघ कुठेही सरकवली तरी ते नुकसान भरून निघत नाही.

हे घडतंय का, हे कसं कळणार? साठच्या वरच्यांचंच रक्त तपासलं तर कधीच कळणार नाही. खाली राहिलेल्यांत किती रुग्ण सुटले हा आकडाच हाती येत नाही, आणि सापडलेले तेवढे दिसत असल्याने संवेदनशीलता आहे त्यापेक्षा चांगली वाटते. म्हणून साठच्या खालच्यांतूनही चिठ्ठ्या टाकून काही जण निवडावे लागतात आणि त्यांचंही रक्त तपासावं लागतं. मग किती जणांतून किती निवडले, त्या पटीने त्यांचा हिशोब वाढवून मांडायचा. आणि हे काम कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आधी उरकायला हवं. नंतर चिठ्ठीत नाव निघालं तरी माणूस गावात नसतो.