सादरीकरण संपल्यावर पाठवायचा एक कागद

कोलंबिया हे अवकाशयान 16 जानेवारी 2003 रोजी उडालं. दीडएक मिनिट होण्याआधीच बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर वर असताना खाली अभियंते हिशेब करत होते: किती नुकसान झालं असेल? आठवड्याभरानंतर त्यांनी आपले निष्कर्ष स्लाइड्सवरून मांडले. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. जुन्या चाचण्यांवर आधारलेला अंदाज नुकसान आहे त्यापेक्षा जास्तच दाखवतो, असा त्याचा रोख. त्याच स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरात, आणखी एक गोष्ट लिहिलेली होती. आदळलेला तुकडा सुमारे 1,920 घनइंचांचा होता आणि चाचण्यांत वापरलेला तुकडा होता 3 घनइंचांचा. म्हणजे 640 पट फरक. ज्या चाचण्यांच्या भरवशावर मथळा उभा होता, त्या या प्रसंगाला लागूच होत नव्हत्या.

1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं, सातही जण गेले. अपघाताला पुष्कळ कारणं होती. ते खापर एका स्लाइडवर फोडणं अन्यायाचं होईल. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट 2003 मधल्या अहवालात या स्लाइडसाठी मुद्दाम जागा दिली. हे पान वाचणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आपल्यासमोर जिवावरचा प्रश्न आहे हे कळलं नसेल तर ते सहज समजण्यासारखं आहे, असं मंडळाचं म्हणणं होतं. माहिती एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाते तेव्हा तिच्यामागची स्पष्टीकरणं गळत जातात, हेही अहवालात नोंदवलं आहे. आकडे आणि मथळे वर पोचतात. ‘पण’ आणि ‘मात्र’ खाली राहतात.

अशी गळती व्हायला अवकाशयानच लागतं असं नाही. पुण्यातल्या साठ सदनिकांच्या एखाद्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. छतावर सौर पॅनेल बसवायचे आहेत, म्हणून कमिटीने एका छोट्या कंपनीच्या अभियंत्याला रविवारी सकाळी माहिती द्यायला बोलावलं. त्याने बावीस स्लाइड्स दाखवल्या, प्रश्नांची उत्तरं दिली, चहा झाला. निघताना सचिव म्हणाले, “साहेब, तेवढी पीपीटी पाठवून द्या.” घरी पोचायच्या आत अभियंत्याने तीच फाइल पाठवून दिली. सचिवांनी ती कमिटीच्या ग्रुपवर टाकली.

आता ती फाइल उघडणार कोण, ते पाहायला हवं. जे हजर होते ते बहुधा उघडणारच नाहीत, त्यांनी सगळं ऐकलेलं आहे. उघडणार ते गावाला गेलेले खजिनदार, आणि पुढे सर्वसाधारण सभेत हात वर करणारे सभासद. म्हणजे खोलीत नसलेली माणसं. त्यांच्यासमोर चौदावी स्लाइड येते: एक रंगीत आलेख आणि खाली मोठ्या अक्षरात ‘निव्वळ खर्च 7.40 लाख’. संस्थेच्या निधीत आठ लाख आहेत, तेव्हा खजिनदार निश्चिंत होतात.

हिशेब चुकीचा नाही. प्रस्ताव 20 किलोवॅटचा आहे, किलोवॅटला 55 हजार धरले तर 11 लाख होतात. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18 हजारांचं केंद्रीय अनुदान आहे, ते 3.60 लाख. वजाबाकी 7.40 लाख. पण अभियंत्याने स्लाइड दाखवताना एक वाक्य तोंडी सांगितलं होतं: आधी पूर्ण 11 लाख भरायचे, अनुदान यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर संस्थेच्या खात्यात जमा होतं. ते वाक्य स्लाइडवर नाही. खजिनदारांना तीन लाख कमी पडणार आहेत आणि ते त्यांना ऑर्डर दिल्यावर कळणार आहे.

आणखी दोन वाक्यं अशीच हवेत विरली. ‘रोज 80 युनिट’ हा आकडा वर्षभराची सरासरी आहे, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तो बराच खाली येतो. आणि छताच्या फोटोवर अभियंत्याने बोट ठेवून दाखवलं होतं की पाण्याच्या टाकीची सावली पडते तो कोपरा सोडून दिला आहे. फाइलमध्ये फोटो आहे, बोट नाही.

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे सगळं स्लाइडवरच लिहून टाकणं. त्याने दोन्हीकडून नुकसान होतं. सभेत लोक वक्त्याकडे पाठ करून भिंत वाचत बसतात, आणि घरी वाचणाऱ्याला तुटक ओळींमधला संबंध तरीही लागत नाही. पडद्यावर दाखवायची गोष्ट आणि एकट्याने वाचायची गोष्ट यांची घडण वेगळी असते. अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि सलग परिच्छेदांत लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं, त्यामागेही हेच कारण होतं: पूर्ण वाक्य लिहिताना कुठल्या गोष्टीमुळे काय होतं हे लिहिणाऱ्याला सांगावंच लागतं. सोसायटीला सहा पानांची गरज नाही. एक पान पुरतं, मात्र ते स्लाइड्सची छोटी प्रत असून चालत नाही.

ते पान सभेच्या क्रमाने लिहू नये. सभेत अभियंत्याने आधी सूर्याची माहिती दिली, मग कंपनीची, पैसे शेवटी आले. कागदावर पहिल्याच ओळीत पैसे आणि परिणाम हवेत: ‘20 किलोवॅटची यंत्रणा, एकूण 11 लाख, अनुदानानंतर 7.40 लाख, पूर्ण रक्कम आधी भरावी लागेल.’ दुसऱ्या परिच्छेदात त्यातून काय मिळेल ते. किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे 2,400. संस्थेच्या बिलात सरासरी दर युनिटला 10 रुपये पडत असेल तर महिन्याला 24 हजारांची बचत आणि अडीच वर्षांच्या आसपास खर्चाची वसुली. इथेच ‘पडत असेल तर’ हे शब्द राहिले पाहिजेत. पान एकच आहे म्हणून गृहीतकं छाटली, तर पुन्हा चौदावी स्लाइडच तयार होते. दर 8 रुपये निघाला तर वसुलीला सव्वातीन वर्षांच्या आतबाहेर लागतील, हे एका वाक्यात सांगता येतं. त्यानंतर काय धरलेलं नाही ते: छताची दुरुस्ती, पॅनेल धुण्याचा खर्च. सभेत विचारलेल्या, पण तिथे उत्तर न मिळालेल्या प्रश्नांना शेवटी जागा द्यावी. आणि दर किती तारखेपर्यंत लागू आहे, तेही.

सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं असावं. त्यात सारांशाचा सारांश नको, आभाराचे दोन परिच्छेद तर नकोतच. काय जोडलं आहे, आधी काय वाचायचं, आणि आता कोणी काय करायचं, एवढंच. उदाहरणार्थ:

“नमस्कार सचिवसाहेब,
काल कमिटीपुढे मांडलेल्या सौर प्रस्तावाचा एकपानी सारांश सोबत आहे, तो आधी पाहावा. स्लाइड्स वेगळ्या जोडल्या आहेत. सुरुवातीला पूर्ण 11 लाख भरावे लागतील आणि अनुदान नंतर जमा होईल, हे काल हजर नसलेल्या सदस्यांच्या कृपया लक्षात आणून द्यावं. टाकीच्या सावलीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर सारांशाच्या शेवटी आहे. येत्या शनिवारपर्यंत छतावर जाण्याची परवानगी मिळाल्यास मोजमाप करून पक्का दर कळवतो.”

या पत्रातलं सर्वात उपयोगी वाक्य तिसरं आहे. संपूर्ण फाइलमधली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती कुठली, हे पाठवणाऱ्याने ठरवलं आहे. ते वाचणाऱ्यावर सोडलं तर तो मोठ्या अक्षरातला आकडाच उचलणार.

आता फाइलबद्दल, कारण तिथली चूक अधिक महाग पडू शकते. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये चिकटवताना ‘एम्बेड’चा पर्याय निवडला गेला, तर आलेखासोबत संपूर्ण वर्कबुक आत जाऊन बसतं. ज्याला फाइल मिळाली त्याने आलेखावर उजवं बटण दाबून डेटा उघडला की बाकीची पानंही दिसतात. अभियंत्याने त्याच वर्कबुकात पॅनेलचा खरेदीदर आणि स्वतःचा नफा मांडलेला असेल, तर वाटाघाटी तिथेच संपल्या. स्लाइडखालच्या वक्त्याच्या नोंदी, लपवलेल्या स्लाइड्स आणि फोटोचा कापलेला भागही फाइलमध्ये शिल्लक असतो. दुसऱ्या ग्राहकाचं नाव फोटोतून कापलं म्हणजे पुसलं, असं समजू नये. पॉवरपॉइंटमध्ये File, Info, Check for Issues, Inspect Document या वाटेने गेल्यास यातलं बरंचसं सापडतं. मात्र काढून टाकलेलं परत येत नसल्याने तपासणी प्रतीवर करावी.

पीडीएफ केली की वर्कबुकाचा धोका जातो, पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात. लपवलेल्या स्लाइड्सही पीडीएफमध्ये जाऊ शकतात. जतन करतानाच्या पर्यायांत ती खूण काढावी. आणि एकाच जागी एकामागून एक उमटणारी चित्रं पीडीएफमध्ये एकमेकांवर चढून बसतात. असं पान पडद्यावर छान दिसलेलं असतं, म्हणून पाठवण्याआधी ते उघडून पाहायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण आणखी एक पाऊल पुढची. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली पीपीटी तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पीडीएफमध्ये अक्षरं नीट दिसतात, पण सचिवांनी त्यातला परिच्छेद उचलून सभेच्या सूचनेत चिकटवला की पुन्हा तोच कचरा. आणि सचिव नेमकं तेच करणार असतात. त्यामुळे एकपानी सारांश तरी मंगल किंवा निर्मला यूआयसारख्या युनिकोड फाँटमध्ये असावा.

आकाराचंही थोडं भान हवं. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, पण जोडलेली फाइल पाठवताना सुमारे तिसऱ्या हिश्श्याने फुगते; त्यामुळे 20 एमबीची फाइलही अडकू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. स्लाइड्सचे फोटो म्हणून पाठवल्या तर चित्रं दाबली जातात आणि तळाची बारीक अक्षरं सर्वात आधी वाचेनाशी होतात.

पाठवायचं कधी? त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण प्रश्न विचारणाऱ्यांना आपले प्रश्न तोवर आठवत असतात. त्यासाठी सारांशाचा मसुदा सभेच्या आधीच तयार ठेवावा आणि नंतर फक्त प्रश्नोत्तरांचा भाग भरावा. शनिवारी छत मोजल्यावर जागा 20 ऐवजी 18 किलोवॅटचीच निघाली, तर सगळे आकडे बदलतील: एकूण 9.90 लाख, अनुदान 3.24 लाख, निव्वळ 6.66 लाख. तेव्हा नवी फाइल गुपचूप पाठवू नये. पानाच्या माथ्यावर नवी तारीख घालावी, फाइलच्या नावातही ती असावी, आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत काय बदललं व का ते सांगावं. जुना कागद तोवर चार फोनांवर पोचलेला असतो आणि सर्वसाधारण सभेत कोणीतरी तोच उघडून बसलेला असतो.