देवरीचा रस्ता आणि रिकामं जंगल

भिलाईतल्या मराठी घरांचं नागपूरशी नातं एका रस्त्यावरून चालतं. दुर्ग, राजनांदगाव, मग बाघनदीला राज्याची सीमा, पुढे देवरी, साकोली, लाखनी, भंडारा. इथे शहरात त्याला सगळे जी. ई. रोड म्हणतात, सरकारी कागदावर तो आधी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. कारखान्याचं पोलाद घेऊन जाणारे ट्रेलर याच वाटेने पश्चिमेला जातात. बाघनदी ओलांडली की साकोलीपर्यंत अधूनमधून जंगल लागतं. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. या दोन जंगलांची गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांची हकिगत आणि त्याच काळात परिसंस्थाशास्त्रात वाढलेला एक विचार शेजारी ठेवून पाहिले, तर या रस्त्याचा खरा हिशेब दिसतो.

तो विचार १९६९ सालचा. रिचर्ड लेव्हिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने कीटकांच्या नियंत्रणावर एक निबंध लिहिला. त्याला कीड वाचवायची नव्हती, नाहीशी करायची होती. त्यासाठी त्याने प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. एका शेतात किडे किती आहेत हे त्याने मोजलं नाही. एकूण शेतांपैकी किती शेतांत कीड आहे एवढंच पाहिलं. एखाद्या शेतातली कीड आपोआप संपते, शेजारच्या शेतातून ती पुन्हा येते. संपणं आणि पुन्हा वस्ती होणं या दोन गती जिथे सारख्या होतात, तिथे एकंदर चित्र स्थिर राहतं, प्रत्येक शेत मात्र बदलत असतं. अशा विखुरलेल्या, पण येण्याजाण्याने बांधलेल्या वस्त्यांच्या समूहाला पुढे मेटापॉप्युलेशन हे नाव मिळालं.

भिलाईच्या माणसाला हे सेक्टरमधल्या क्वार्टरांवरून चटकन कळेल. कोणी निवृत्त होतो, क्वार्टर रिकामं होतं. नव्या माणसाला ते मिळतं, पुन्हा दिवा लागतो. कोणत्याही दिवशी काही क्वार्टरं रिकामी असणारच, आणि त्यावरून टाउनशिप ओस पडली असं कोणी म्हणत नाही. ओस पडते ती नवी माणसं येणं थांबलं की.

लेव्हिन्सचं सूत्र छोटं आहे: p* = 1 − e/c. यात e म्हणजे वस्ती असलेला तुकडा एका वर्षात रिकामा होण्याचा वेग, c म्हणजे एका भरलेल्या तुकड्यातून दुसरीकडे नव्याने वस्ती होण्याचा वेग आणि p* म्हणजे दोन्ही तुल्यबळ झाल्यावर भरलेल्या तुकड्यांचा वाटा. समजण्यापुरते आकडे घेऊ. जंगलाचे २० तुकडे, e ०.१ आणि c ०.४. मग p* येतो ०.७५. म्हणजे १५ तुकड्यांत प्राणी, ५ रिकामे. वर्षाला सरासरी दीड तुकडा रिकामा होतो आणि दीड तुकडा नव्याने भरतो.

आता यातले १० तुकडे तोडून टाका. उरलेल्या दहांत किती भरलेले राहतील? प्रमाण तेच राहील असं वाटतं, म्हणजे साडेसात. पण सूत्रातल्या 1 च्या जागी उरलेल्या जंगलाचा वाटा ०.५ ठेवला, की उत्तर येतं ०.२५, म्हणजे मूळ विसांपैकी पाच. कारण भरलेले तुकडे कमी झाले की रिकाम्या तुकड्याकडे जाणारे प्राणीही कमी होतात. रिकाम्या तुकड्यांची संख्या मात्र हलत नाही. आधीही ५, आताही ५. आणखी तोडत २० पैकी ५ तुकडे उरले, की भरलेले शून्य. पाच जंगलं उभी, हिरवी, आणि त्यांत प्राणी नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. एकही झाड तोडू नका, वीसच्या वीस तुकडे राहू द्या. फक्त दोन तुकड्यांमधली वाट अवघड करा. c ०.४ वरून ०.२ वर आला की भरलेले तुकडे पंधरावरून दहा होतात. ०.१ वर आला की शून्य. उपग्रहाच्या चित्रात यातलं काहीच दिसणार नाही, वनाच्छादनाचा आकडा तोच राहील.

नागझिरा अभयारण्य झालं १९७० साली, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली. नागझिरा सुमारे १५३ चौरस किलोमीटर, नवेगाव १३४. त्या काळची संरक्षणाची रीत तीच होती: चांगला तुकडा निवडायचा, सीमा आखायची, आतला प्राणी सांभाळायचा. मधल्या जंगलाचा विचार नव्हता, कारण ते जंगल तेव्हा होतंच. पण वाघासाठी दीडशे चौरस किलोमीटर म्हणजे जेमतेम काही वाघिणींची जागा. एवढ्या लहान संख्येत शिकार किंवा रोग नसतानाही नुसता योगायोग घात करतो. तीन बछड्यांचे तिन्ही नर निघण्याची शक्यता आठात एक असते. अशा दोन वेती लागोपाठ आल्या आणि एक म्हातारी वाघीण गेली, तर तुकडा रिकामा होण्याच्या वाटेला लागतो. लहान तुकड्याचा e मोठा असतो तो यामुळे. त्याला तारतो बाहेरून येणारा प्राणी. विझत चाललेल्या वस्तीला पूर्ण विझण्याआधीच बाहेरच्याने आधार द्यावा, या परिणामाची मांडणी ब्राऊन आणि कोड्रिक-ब्राऊन यांनी १९७७ साली केली.

सूत्राला प्रत्यक्षाचा आधार आला तो फिनलंडमधून. इल्का हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ऑलंड बेटांवरच्या कुरणांची दर शरद ऋतूत पाहणी सुरू केली. अळ्यांची रेशमी घरटी शोधायची आणि एका फुलपाखराची वस्ती कुठे आहे, कुठे नाही, एवढं नोंदवायचं. कुरणं सुमारे चार हजार. त्यांतली बहुतेक कोणत्याही वर्षी रिकामी. दर वर्षी कितीतरी विझत, कितीतरी नव्याने भरत. हान्स्कींनी लेव्हिन्सच्या सूत्रातली मोठी उणीवही भरून काढली. लेव्हिन्सचे सगळे तुकडे सारखे आणि एकमेकांपासून सारखेच लांब. हान्स्कींनी तुकड्याचा आकार आणि अंतर हिशेबात आणलं. मोठा तुकडा क्वचित विझतो, लांबचा उशिरा भरतो.

मध्य भारतात वाघाच्या बाबतीत हाच फरक महत्त्वाचा आहे. कान्हा किंवा ताडोबा सहसा विझत नाहीत. ते पुरवठा करतात. नागझिरा-नवेगाव मधे बसतं आणि कधी भरतं, कधी ओसरतं. म्हणून लेव्हिन्सचे आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत, पण त्याचा प्रश्न चालतो: येणारा येतो का? २०१३ साली वाघांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून मध्य भारतातल्या अभयारण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा तीनशे किलोमीटरहून लांबून आलेले वाघ त्यात सापडले. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ त्याच वर्षी उमरेड-कऱ्हांडल्यात पोचला आणि तिथे त्याची प्रजा वाढली. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी देशातले ३२ संचारमार्ग नोंदवले; कान्हा, नवेगाव-नागझिरा, ताडोबा, इंद्रावती हा त्यातला एक. आपला रस्ता त्याला आडवा जातो.

पण जय नर होता. नेपाळच्या चितवनमधल्या अभ्यासात तरुण नर जन्मस्थानापासून सरासरी ३३ किलोमीटर लांब गेले, माद्या सरासरी दहाच्या आतच राहिल्या. वाघीण आईच्या शेजारी घर करते. नर पोचला म्हणजे वस्ती झाली असं नाही. टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वर्तमानपत्रांनी त्याच्या चालण्याचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. सूत्राच्या भाषेत त्या प्रचंड प्रवासाने c मध्ये काहीच भर पडली नाही. उमरेडला जय यशस्वी झाला तो तिथे माद्या होत्या म्हणून.

म्हणून सप्टेंबर २०११ मधली राजनांदगाव जिल्ह्यातली घटना मला आकड्यांपेक्षा मोठी वाटते. छुरिया भागात, भिलाईहून दोनेक तासांच्या अंतरावर, लोकांच्या जमावाने एका वाघिणीला मारून टाकलं. अभयारण्याबाहेर निघालेली मादी ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट. गावकऱ्यांची भीती खरी होती, हेही म्हटलं पाहिजे. ज्या गावांना वाघाच्या वाटेवर राहायचं आहे, त्यांच्याशी तोवर कोणी त्याबद्दल बोललं नसेल तर दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. छत्तीसगढमधल्या वाघांचा अंदाज २०१४ मध्ये ४६ होता, २०१८ मध्ये १९, २०२२ मध्ये १७. महाराष्ट्राचा त्याच काळात १९० वरून ३१२ आणि मग ४४४ झाला. सीमेच्या एका बाजूला पुरवठा वाढतो आणि दुसऱ्या बाजूची जंगलं ओसरतात, तेव्हा शंका मधल्या वाटेवर जाते, आणि पोचलेल्या वाघाला तिथे भक्ष्य आणि संरक्षण मिळतं का यावरही.

वाट सोपी करता येते, याचा पुरावा नागपूरच्या उत्तरेला आहे. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून मार्ग ठेवले, सर्वांत लांब ७५० मीटरचा. २०१९ च्या मार्च ते डिसेंबरमध्ये कॅमेऱ्यांनी तिथे ११ वेगवेगळे वाघ टिपले. आपल्या रस्त्यावरही काही जंगलपट्ट्यांत महामार्ग वर उचलून खालून वाट ठेवली आहे. पण वाघ एकच रस्ता ओलांडत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीजवळ सुमारे दोन वर्षांचा वाघ मोटारीच्या धडकेने जखमी झाला आणि मेला. दोन वर्षं हे नेमकं आई सोडण्याचं वय. हा मार्ग महामार्गासारखा रुंद नाही, तिथे पूल नाही, आणि तो जातो याच प्रकल्पाच्या जंगलांमधून. प्राची थत्ते आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पुढच्या शंभर वर्षांची संगणकावर आकडेमोड केली, तेव्हा संचारमार्ग तुटल्यावर आधी विझणारी जंगलं लहान आणि एकटी पडलेलीच निघाली.

त्या अपघाताच्या तीन महिने आधी, २० मे २०२३ रोजी, ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आणली. ब्रह्मपुरीत वाघ आणि माणूस यांची गर्दी झाली होती, नागझिऱ्यात माद्या कमी होत्या. निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. हान्स्कींच्या फुलपाखरांना जे वारा आणि पंख करून देतात, ते इथे वाहनाने केलं. मात्र वाहनातून आलेली वाघीण c वाढवते ती त्या एका वर्षापुरती. e दर वर्षी नव्याने आपला वाटा मागतो, आणि c चा मूळ आकडा ठरतो तो रस्त्यावर.

त्यामुळे यापुढे प्रकल्पात एकूण वाघ किती, या आकड्यापेक्षा दुसरी नोंद अधिक सांगेल. नागझिरा, नवेगाव, कोका आणि सालेकसा-देवरीकडची जंगलं यांतल्या कोणत्या तुकड्यात त्या वर्षी पिल्लांसह वाघीण दिसली आणि कोणता तुकडा रिकामा राहिला. पुलांखालच्या कॅमेऱ्यांत आलेल्यांपैकी माद्या किती. नागझिऱ्यात जन्मलेली एखादी मादी महामार्ग ओलांडून नवेगावच्या बाजूला वेत घालते, तेव्हाच त्या वर्षीच्या c ला आकडा मिळतो.