कमी दाबाची वीज आणि सोसायटीचे पत्र

रात्री नऊच्या सुमारास पंप गुरगुरतो पण पाणी चढवत नाही, लिफ्ट मध्येच थांबते, एसीचा कॉम्प्रेसर सुरू होता होता बंद पडतो. आठवडाभर हेच चालले की सोसायटीच्या बैठकीत ठराव होतो, ‘डीपी मोठी करून मागा.’ मग सचिव पत्र लिहितात : ‘आमच्याकडे वारंवार कमी दाबाने वीजपुरवठा होत आहे, तरी रोहित्राची क्षमता वाढवून सहकार्य करावे.’ पत्रावर आवक क्रमांक पडतो, पण पुढे काही होत नाही. पत्रात खोटे काहीच नसते. पण दाब किती, कधी आणि कुठे पडतो हे त्यात नसल्यामुळे अभियंत्याला त्यावरून अंदाजपत्रक करता येत नाही.

घरगुती पुरवठ्यासाठी दाबाची मर्यादा ठरलेली आहे. घोषित व्होल्टेजच्या सहा टक्के वर किंवा सहा टक्के खाली, एवढीच मुभा वितरण कंपनीला असते. 230 व्होल्ट धरले तर 216 ते 244. म्हणजे मीटरपाशी 205 मिळत असतील तर ‘जरा कमी येतंय’ असे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. हा पुरवठ्यातला दोष आहे. 230 ऐवजी 190 व्होल्ट मिळाले की पंपाच्या मोटरचा जोर सुमारे एकतृतीयांशाने घटतो, ती जास्त करंट ओढते आणि तापते. आपण घरोघरी लावतो ते स्टॅबिलायझर या दुखण्यात भरच घालतात. आत 230 द्यायचे म्हणून ते बाहेरून अधिक करंट घेतात आणि शेजाऱ्याचा दाब आणखी खाली येतो.

पत्राच्या आधी नोंदी हव्यात. लिफ्ट आणि पंपाचे जे थ्री फेज मीटर असते, त्याच्या पडद्यावर बहुतेक ठिकाणी तिन्ही फेजचे व्होल्टेज आळीपाळीने दिसते. संध्याकाळी सात ते अकरा, दर तासाला त्या पडद्याचा फोटो काढायचा आणि वहीत आकडा लिहायचा. आठवडाभर एवढे केले तरी पुरे. मीटर कंपनीचेच असल्यामुळे आकड्यांवर वाद होत नाही. पॅनेल उघडून स्वतः मोजायला कुणीही जाऊ नये.

नोंदी पाहिल्या की दुखणे कुठले आहे ते बरेचसे कळते. एकाच घरात दाब कमी असेल तर दोष त्या घराच्या वायरिंगचा. एका फेजवर 170 आणि दुसऱ्यावर 270 दिसत असतील तर न्यूट्रल सैल झाला आहे किंवा तुटला आहे. अशा वेळी पत्र लिहीत बसायचे नाही, मेन स्विच बंद करून लगेच तक्रार केंद्राला फोन करायचा, नाहीतर टीव्ही-फ्रिज जळतात. तिन्ही फेज दिवसा ठीक आणि रात्री एकत्र खाली येत असतील, तरच भाराचा प्रश्न.

आता खरा मुद्दा. भार वाढला म्हणजे रोहित्र मोठे केले की दाब सुधारेल, असे आपण गृहीत धरतो. एक उदाहरण घेऊन हिशेब करू. उपनगरातली 96 सदनिकांची सोसायटी समजा. रस्त्याच्या टोकाला 200 केव्हीएचे रोहित्र, त्यावर ही सोसायटी आणि आजूबाजूच्या काही इमारती. 200 केव्हीएच्या रोहित्राने पूर्ण भाराला प्रत्येक फेजवर सुमारे 267 अँपिअर द्यावेत अशी रचना असते. वायरमनने रात्री दहाला क्लॅम्प मीटरने मोजले तर सरासरी 324 निघाले. म्हणजे भार 121 टक्के. रोहित्र नक्कीच दमले आहे, फ्यूज उडतात ते त्यामुळेच.

पण त्याच वेळी रोहित्रापाशी 229 व्होल्ट आहेत आणि सोसायटीच्या मीटर रूममध्ये 198. मधले 31 व्होल्ट केबलमध्ये गेले. रोहित्राच्या आत पूर्ण भाराला साधारण तीन-साडेतीन टक्के दाब पडतो. 200 च्या जागी 315 केव्हीए बसवले तर भार 77 टक्क्यांवर येईल, फ्यूज उडणे थांबेल, पण दाब जेमतेम तीन-चार व्होल्टने वाढेल. मीटर रूममध्ये 202 येतील. म्हणजे मागणी मंजूर होऊनही पंप गुरगुरतच राहील! इथे मागायला हवे ते सोसायटीच्या फाटकाशी नवे, अतिरिक्त रोहित्र. त्याने जुन्याचा भारही हलका होतो आणि लांब केबलमधली गळतीही टळते. उलट रोहित्रापाशीच 205 दिसले असते तर दोष वरच्या उच्चदाब वाहिनीचा किंवा रोहित्राच्या टॅपचा असण्याची शक्यता मोठी, आणि टॅप बदलणे हे थोड्या वेळाचे काम आहे.

म्हणून दोन्ही टोकांना एकाच वेळी मोजणी करून घेणे, हीच पत्रातली पहिली मागणी असावी. मजकूर साधारण असा :

‘विषय : कमी दाबाचा पुरवठा, संयुक्त मोजणी व अतिरिक्त रोहित्राबाबत. महोदय, सोबतच्या तक्त्याप्रमाणे दि. … ते दि. … या काळात रात्री 8 ते 11 दरम्यान आमच्या मीटरवर तिन्ही फेजचा दाब 194 ते 203 व्होल्ट राहिला. आमचा पुरवठा डीटीसी क्रमांक … या 200 केव्हीए रोहित्रावरून होतो. कृपया आमच्या प्रतिनिधीसमक्ष रात्री 9 ते 10 या वेळेत रोहित्राजवळ व मीटर रूममध्ये एकाच वेळी दाब आणि भार मोजून त्याचा अहवाल द्यावा. भार क्षमतेपेक्षा अधिक आढळल्यास आमच्या आवारात अतिरिक्त रोहित्र मंजूर करावे. त्यासाठी फाटकालगतची जागा देण्याचा ठराव सोबत जोडला आहे.’

वेळ रात्रीची लिहिणे विसरू नका. दुपारी अकराला मोजले तर सगळे सुरळीतच दिसणार. जागेचा ठराव जोडणेही तितकेच गरजेचे, कारण शहरात नव्या रोहित्राचे घोडे बहुतेक वेळा जागेपाशीच अडते. सदस्यांची नाराजी असते, आवाजाची आणि आगीची भीती असते. ते बैठकीत आधीच मिटवलेले बरे.

आणखी एक गोष्ट सोसायट्या टाळतात. प्रत्येकाच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो दोन किलोवॉट असेल आणि घरात दीड टनाचे दोन एसी असतील, तर कंपनीच्या कागदावर तुमचा भार वाढलेलाच नसतो. मग रोहित्र वाढवण्याचा प्रस्ताव वर पाठवताना अभियंत्याच्या हातात आधार राहत नाही. ज्यांचा वापर वाढला आहे त्यांनी वाढीव भाराचे अर्ज पत्रासोबतच द्यावेत. त्याचा थोडा खर्च येतो, पण तो न करता शेजाऱ्यांच्या दाबावर एसी चालवणे हा अन्यायच आहे.

पत्र शाखा कार्यालयात द्या, प्रत उपविभागाला, आणि दोन्हीकडून आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर आले नाही तर वीज कायदा 2003 च्या कलम 42 नुसार प्रत्येक वितरण कंपनीला ग्राहक तक्रार निवारण मंच ठेवावाच लागतो. तिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. मंचाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर येथे विद्युत लोकपाल आहेत. या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो तो पोच आणि नोंदींचा, तेव्हा ती वही जपून ठेवा.