जवळचा रस्ता आणि टाकीतलं पेट्रोल

अ गावाहून क गावाला जायचंय. टाकी ३ लिटरची, भरलेली. १० किमीला १ लिटर लागतं. अ ते ब २० किमी, ब ते क २० किमी. पंप फक्त प गावात: अ ते प २० किमी, प ते ब १० किमी.

नेहमीची डायक्स्ट्राची रीत प्रत्येक गावाला एकच आकडा देते. ब ला थेट २० किमी, म्हणून पंपावरून येणारे ३० किमी ती खोडून टाकते. पण थेट आलं तर ब ला १ लिटरच उरतं, आणि पुढे २ लागतात. म्हणजे खोडलेलाच रस्ता कामाचा होता!

म्हणून फळ्यावर गावांचा नकाशा चार मजल्यांवर काढायचा: ०, १, २, ३ लिटर. चार गावं, म्हणजे सोळा ठिपके. २० किमीचा रस्ता दोन मजले खाली उतरतो. तेवढे मजले खाली नसतील तर तो रस्ताच काढायचा नाही. प मध्ये कुठल्याही मजल्यावरून थेट तिसऱ्यावर चढायचं, अंतर शून्य. आता तीच जुनी रीत चालवा.

अ(३) → प(१) → प(३) → ब(२) → क(०), एकूण ५० किमी. ब(१) वरचे २० आणि ब(२) वरचे ३० दोन्ही टिकतात, कारण ते वेगळे ठिपके आहेत. क चा कुठलाही मजला चालतो, त्यातला सर्वांत लहान आकडा घ्यायचा.

एक अडचण आहेच. पेट्रोल दशांश लिटरमध्ये मोजलं तर मजले ३१ होतात आणि ठिपके १२४. मग फळा पुरत नाही.